एकजात खडीचा आग्रह

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांत जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी नव्या उभारण्याचे काम सध्या गल्लोगल्ली चालू आहे. अशाच एका गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांत फिरलेले एक आक्षेपपत्र नुकतेच माझ्या वाचनात आले. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यांची तळमळ खरी आहे, त्यांची भाषा संयमाची आहे, आणि आपल्या डोक्यावरचे छत कशाचे ओतले जात आहे हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहण्याची जी तसदी त्यांनी घेतली ती फार थोडे सभासद घेतात. परंतु त्यांनी काढलेला निष्कर्ष वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. आणि त्यांची मागणी मान्य होऊन तसा ठराव झाला, तर त्या इमारतीचे काँक्रीट आज आहे त्याहून दुबळे होईल. म्हणून या पत्राचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा. कंत्राटदार वीस मिलिमीटरच्या खडीत, म्हणजे ज्याला जागेवर ‘मेटल टू’ म्हणतात त्यात, दहा मिलिमीटरची बारीक खडी, म्हणजे ‘मेटल वन’, मिसळतो, आणि त्यावर खाडीच्या रेतीऐवजी दगडाची भुकटी असलेली क्रश सँड टाकतो. ही सरळ सरळ भेसळ आहे. दगड हा काँक्रीटचा सांगाडा असल्यामुळे तो जितका मोठा, स्वच्छ आणि एकसारख्या मापाचा, तितके काँक्रीट मजबूत. सबब यापुढे फक्त एकजात वीस मिलिमीटरची धुतलेली खडी आणि नैसर्गिक रेतीच वापरावी, आणि शंकेला जागा राहू नये म्हणून दर घनमीटरामागे सिमेंटची एक गोणी अधिक घालावी. पत्राच्या अखेरीस शीळफाट्याच्या दुर्घटनेचे स्मरण करून दिले आहे.

या शेवटच्या उल्लेखाचा विचार आधी करतो, कारण तो भावनेला हात घालणारा आहे. शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधील इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि चौऱ्याहत्तर माणसे त्यात गेली. ती इमारत परवानगीवाचून, अत्यल्प काळात, मजल्यावर मजला चढवीत उभी केलेली होती. जेथे मंजूर नकाशा नाही, जबाबदार अभियंता नाही आणि काँक्रीटला बळ येण्यास लागणारा अवधीही दिलेला नाही, तेथील अनर्थाचे खापर खडीत मिसळलेल्या बारीक खडीवर फोडणे हा त्या मृतांच्या बाबतीतही न्याय नव्हे. ते उदाहरण बाजूस ठेवून खडीचा प्रश्न खडीच्याच हिशेबाने पाहिला पाहिजे.

पत्रलेखकांच्या युक्तिवादाचा पाया असा की मोठ्या आणि एकसारख्या दगडांत पोकळी कमी राहते. हा समज डोळ्यांना पटणारा आहे, कारण ढिगाकडे पाहताना आपल्याला दगड दिसतात, दगडांमधली जागा दिसत नाही. ती जागा मोजण्याची रीत मात्र इतकी सोपी आहे की कोणत्याही सभासदाने ती आपल्या अंगणात करून पाहावी. पंधरा लिटरचे एक मजबूत भांडे घ्यावे. भारतीय मानक २३८६ च्या तिसऱ्या भागात या मापाच्या खडीसाठी नेमके एवढेच भांडे सांगितले आहे. त्यात एकजात वीस मिलिमीटरची खडी तीन थरांत, प्रत्येक थर लोखंडी सळईने पंचवीस वेळा ठोसून, काठोकाठ भरावी आणि मग वरून मोजून पाणी ओतावे. पाणी काठाला येईपर्यंत सुमारे पावणेसात लिटर आत जाते. म्हणजे भरलेले दिसणारे ते भांडे शेकडा पंचेचाळीसच्या घरात रिकामे होते.

आता तेच भांडे एकजात दहा मिलिमीटरच्या खडीने भरावे आणि पुन्हा पाणी ओतावे. पुन्हा जवळजवळ तितकेच पाणी आत जाते. येथे सर्व युक्तिवादाचा कणा आहे, म्हणून मी वाचकाला थोडे थांबण्याची विनंती करतो. एकाच मापाच्या तुकड्यांमधील पोकळीचे प्रमाण त्या मापावर अवलंबून नसते. दगड मोठे असले तर पोकळ्या मोठ्या आणि संख्येने थोड्या, लहान असले तर पोकळ्या लहान आणि पुष्कळ. त्यांची बेरीज मात्र तीच. गोल आणि सारख्या चेंडूंची रचना कितीही काटेकोरपणे केली तरी शेकडा सव्वीसच्या खाली पोकळी जात नाही, हे गणिताने सिद्ध आहे. आणि घमेल्यातून ओतलेली, कोनेदार, खडबडीत खडी काही कोणी रचून ठेवीत नाही. तेव्हा ‘एकजात’ हा शब्द उच्चारताच आपण भांड्याचा जवळजवळ निम्मा भाग रिकामा ठेवण्याचे कबूल केलेले असते. मग खडी कितीही मोठी मागवा आणि कितीही वेळा धुऊन घ्या.

ही पोकळी घटते ती वेगवेगळी मापे एकत्र आणल्यामुळे. वीसच्या खडीतील फटींत दहाची खडी बसते, दहाच्या फटींत चार-पाच मिलिमीटरचे कण, त्यांच्या फटींत रेतीचे मोठे दाणे, आणि त्यांच्यामध्ये बारीक दाणे. साठ भाग मेटल टू आणि चाळीस भाग मेटल वन एकत्र करून तेच भांडे भरले, तर पोकळी सहा लिटरच्या आसपास येते. त्यात योग्य प्रमाणात रेती मिसळली की ती पावणेचार लिटरच्या आसपास उतरते. पाण्याने मोजणे रेतीच्या बाबतीत अवघड जाते, कारण हवा अडकून राहते; तेथे वजन घ्यावे. आपल्या भागातील काळ्या दगडाचे विशिष्ट गुरुत्व २.८५ च्या आसपास असते. एकजात खडीने भरलेल्या त्या भांड्यात साधारण साडेतेवीस किलो दगड मावतो आणि खडी-रेतीच्या योग्य मिश्रणाने भरलेल्या त्याच भांड्यात सुमारे बत्तीस किलो. एकाच जागेत साडेआठ किलो दगड अधिक बसला, आणि तो बसला तो पत्रलेखक ज्याला भेसळ म्हणतात त्या बारीक मालामुळे. आपल्याकडचा जुना गवंडी डबराची भिंत रचताना दोन मोठ्या दगडांमधील फटीत दगडाच्याच चिपा ठोकून बसवीत असे आणि मगच चुना भरीत असे. तो चुना वाचवीत होता हे खरे, पण भिंतही त्यामुळेच पक्की होत होती.

कोणी म्हणेल की पोकळी राहिली तर राहिली. ती सिमेंटाने भरून निघेलच, आणि अधिकच्या गोणीची मागणी त्यासाठीच तर आहे. हा मुद्दा नीट तपासला पाहिजे. काँक्रीटमध्ये सिमेंट आणि पाणी यांचा जो लगदा असतो, त्याला दोन कामे करावी लागतात: खडी-रेतीतील उरलेली सारी पोकळी भरणे, आणि त्याशिवाय प्रत्येक कणावर एक पातळ थर होऊन त्याला साच्यात सरकू देणे. पोकळी भरून संपल्यावर जो लगदा शिल्लक राहतो तोच या दुसऱ्या कामी येतो. प्रतवारी चांगली असलेल्या मिश्रणाला एका घनमीटरास २७० लिटर लगदा पुरतो आणि प्रतवारी बिघडलेल्या मिश्रणाला ३२० लिटर लागतो असे धरू. पाण्याचे वजन सिमेंटच्या निम्मे ठेवले, तर एक किलो सिमेंट आणि त्याचे पाणी मिळून सुमारे ०.८२ लिटर जागा व्यापतात. म्हणजे वरच्या पन्नास लिटरांसाठी एकसष्ट किलो सिमेंट आणि तीस लिटर पाणी अधिक लागले. पत्रलेखकांनी मागितलेली अधिकची गोणी पन्नास किलोची आहे. ती सगळीच्या सगळी त्यांच्याच एकजात खडीने निर्माण केलेली पोकळी भरण्यात खर्ची पडेल, तरीही ती अपुरी पडेल, आणि मजबुतीच्या खात्यात तिच्यातून एक दमडीही जमा होणार नाही.

बरे, अधिक लगदा म्हणजे अधिक चांगले काँक्रीट, असेही नाही. सुकताना आकसतो तो लगदा, दगड आकसत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जी उष्णता निघते ती लगद्यातूनच. आणि पाणी झिरपते तेही बहुतांशी लगद्यातूनच आणि लगदा दगडाला चिकटतो त्या सांध्यातून. गच्चीच्या स्लॅबवर पहिल्याच उन्हाळ्यात जे केसासारखे तडे दिसतात, त्यांच्या कारणांत लगद्याचे आधिक्य हे एक ठळक कारण असते. शिवाय सह्याद्रीच्या या बेसाल्ट दगडाची दाब सोसण्याची शक्ती दर चौरस मिलिमीटरला शंभर न्यूटनहून पुष्कळ अधिक असते, आणि आपल्या रहिवासी इमारतींचे काँक्रीट बहुधा पंचवीस-तीस न्यूटनचे असते. अशा काँक्रीटचा घन यंत्राखाली फुटतो तेव्हा भेग दगडाला वळसा घालून, लगद्यातून आणि सांध्यातून जाते. मजबूत आहे तो दगड. दुबळे आहे ते त्याच्या भोवतालचे. तेव्हा शहाणपण कशात आहे, तर तेवढ्याच जागेत मजबूत द्रव्य अधिक आणि दुबळे द्रव्य कमी बसवण्यात. प्रतवारी हेच काम करते.

व्यवहारात मात्र अधिक सिमेंट घातले जातच नाही. घातले जाते ते पाणी. प्रतवारी बिघडलेला माल मिक्सरमधून राठ आणि खडखडीत निघतो, मजुराचे फावडे त्यात सहज शिरत नाही, व्हायब्रेटरची सुई लावली तरी तो हलत नाही, आणि मग मुकादम एक बादली पाणी सोडायला सांगतो. एका घनमीटरात ३२० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी ठरलेले असताना वीस लिटर पाणी जास्त गेले, तर ०.५० चे प्रमाण ०.५६ होते आणि अठ्ठावीस दिवसांच्या मजबुतीतून शेकडा दहा ते पंधरा कमी होतात. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर मजबुती अवलंबून असते हा नियम डफ एब्रॅम्स याने १९१८ साली शिकागोहून प्रसिद्ध केला, आणि शंभर वर्षांत त्यावर आक्षेप पुष्कळ आले असले तरी साध्या काँक्रीटपुरता तो अबाधित आहे. ज्याने पाणी सोडले नाही त्याच्याही वाट्याला वेगळे नुकसान येते: माल पुरता दबत नाही आणि आत हवा अडकते. शेकडा दोन एवढी हवा अडकून राहिली तरी मजबुती दहाहून अधिक टक्क्यांनी उतरते, आणि पाच राहिली तर ती तीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. या दोन्ही वाटांचा उगम खडीच्या ढिगापाशीच आहे.

आता चाळणीकडे वळू. प्रतवारी चांगली की वाईट हे हाताने चाचपून किंवा नजरेने ठरत नाही. ते चाळण्यांच्या उतरंडीने ठरते. ठरावीक वजनाचा नमुना घेऊन तो एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांतून गाळायचा आणि प्रत्येक चाळणीतून शेकडा किती पार झाला ते मांडायचे, एवढाच तो व्यवहार. समजा, जागेवरच्या मेटल टूचा नमुना वीसच्या चाळणीतून ९४, दहाच्या चाळणीतून ६ आणि ४.७५ च्या चाळणीतून १ टक्का पार झाला. आणि मेटल वनचा वीसमधून सगळा, दहामधून ९० आणि ४.७५ मधून १२ टक्के पार झाला. भारतीय मानक ३८३ प्रमाणे, ज्याची सुधारलेली आवृत्ती २०१६ सालची आहे, वीस मिलिमीटरच्या प्रतवारीयुक्त खडीतून दहाच्या चाळणीखाली २५ ते ५५ टक्के आणि ४.७५ खाली दहापर्यंत टक्के माल गेला पाहिजे. पत्रलेखकांची एकजात खडी दहाच्या चाळणीपाशी सहावरच अडकली. पंचवीसची किमान मर्यादा ती गाठत नाही. साठ-चाळीस प्रमाणाने दोन्ही एकत्र करा: वीसमधून ५६.४ आणि ४० मिळून ९६.४, दहामधून ३.६ आणि ३६ मिळून ३९.६, ४.७५ मधून ०.६ आणि ४.८ मिळून ५.४. तिन्ही आकडे मर्यादेच्या आत, आणि मधला तर जवळजवळ मधोमध. कंत्राटदाराने केलेले मिश्रण मानकाच्या हुकमाची तामिली आहे. भेसळ म्हणायचीच असेल, तर ती न करणे हाच कराराचा भंग ठरेल.

या ठिकाणी एक न्याय्य शंका निघू शकते. एकजात खडी मानकात मुळीच नाही असे नाही. तिचीही स्वतंत्र कोष्टके त्यात आहेत. परंतु ती आहेत ती खाणीवरून माल वेगवेगळ्या मापांत यावा आणि जागेवर किंवा काँक्रीटच्या कारखान्यात ठरावीक प्रमाणात मिसळला जावा म्हणून. सुटी मापे मागवणे हे मिसळण्याच्या सोयीसाठी आहे. ती सुटीच ओतण्यासाठी नव्हे. रेतीवाचून फक्त एकजात खडी आणि सिमेंट यांचे काँक्रीटही जगात करतात, पण ते पाणी आरपार जावे म्हणून, पदपथासाठी आणि वाहनतळासाठी. त्याची मजबुती नेहमीच्या काँक्रीटच्या बरीच खाली राहते, आणि त्यात कोणी इमारतीचा खांब ओतीत नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग क्रश सँडसंबंधी आहे, आणि येथे पत्रलेखकांच्या मनात जी अढी आहे तिला इतिहासाचा आधार आहे हे मी मान्य करतो. मुंब्र्याचे रेतीबंदर, कल्याणचे रेतीबंदर, डोंबिवलीत मोठागावचे रेतीबंदर ही नावेच सांगतात की ही शहरे उल्हास नदीच्या आणि खाडीच्या रेतीवर वाढली. पुढे नदीपात्रे आणि किनारे यांच्या नासाडीमुळे उपशावर निर्बंध आले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजाच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. आणि काळा दगड भरडून केलेली रेती सर्वत्र आली. आरंभी जी आली ती बरीचशी खडी फोडताना तळाशी उरलेली भुकटीच होती, चपट्या आणि सुईसारख्या कणांची, आणि तिच्याविषयीची नाराजी योग्य होती. पण नैसर्गिक या शब्दाने रेती पवित्र होत नाही. खाडीची रेती न धुता वापरली तर तिच्यातले मीठ काँक्रीटमध्ये जाते आणि लोखंड गंजवते. भारतीय मानक ४५६ ने लोखंड असलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइडची मर्यादा घनमीटरास ०.६ किलो एवढीच घातली आहे, ती याच भीतीने. आज जुन्या इमारतींच्या सज्जांखाली गंजलेल्या सळया आणि गळून पडलेले पापुद्रे दिसतात, त्यांच्या कारणांत त्या खारट रेतीचाही वाटा असू शकतो, ही गोष्ट जुन्या रेतीची थोरवी सांगताना विसरली जाते.

रेती कोठून आली यापेक्षा ती चाळणीवर कशी उतरते हे पाहिले पाहिजे. मानकाने रेतीचे चार विभाग केले आहेत आणि त्यांची मुख्य निशाणी ६०० मायक्रॉनची चाळणी आहे: तिच्यातून ३५ ते ५९ टक्के पार झाली तर ती दुसऱ्या विभागातली, आणि सामान्य कामाला बहुधा हीच पसंत करतात. पहिल्या विभागाची रेती जाड असते आणि तिला खडीच्या मानाने अधिक प्रमाणात घ्यावे लागते. चौथ्याची फार बारीक, आणि लोखंडी काँक्रीटमध्ये ती चाचणीवाचून वापरू नये असे मानकच सांगते. क्रश सँडचा स्वाभाविक दोष असा की तिच्यात १.१८ च्या वरचे जाड दाणे पुष्कळ, ७५ मायक्रॉनखालची पूड पुष्कळ, आणि मधले ६०० ते ३०० मायक्रॉनचे दाणे उणे असतात. हा दोष चाळणीवर लगेच दिसतो, आणि उभ्या दांड्याच्या यंत्रात दगड दगडावर आपटून फोडणे, वरचा माल गाळणे आणि पूड धुऊन काढणे यांनी तो दूर करता येतो. त्या पुडीची मर्यादाही मानकाने घातलेली आहे: भरडलेल्या रेतीत ती शेकडा पंधराहून अधिक असू नये. नैसर्गिक रेतीत हीच मर्यादा तीनची आहे, आणि हा फरक मेहेरबानीने केलेला नाही. नदीच्या रेतीतील त्या मापाचे कण बहुधा माती आणि चिकणमाती असतात, जी पाणी पिते आणि दाण्याला लेपून सिमेंटला चिकटू देत नाही. दगडाच्या पुडीचे कण दगडच असतात, आणि योग्य प्रमाणात ते सर्वांत बारीक फटी भरतात. पत्रलेखकांनी हातावर घेऊन पाहिलेली करडी पूड पाहून घाबरण्याचे कारण नव्हते. तिची टक्केवारी किती हे विचारायचे कारण होते, आणि ते विचारले गेलेच नाही.

आता माझ्या बाजूची मर्यादाही मी लपवू इच्छीत नाही, कारण प्रतिवाद एकतर्फी झाला की त्याची किंमत जाते. विल्यम फुलर आणि सॅनफर्ड थॉम्प्सन या अमेरिकन अभियंत्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून सर्वांत दाट मिश्रणाची जी वक्ररेषा काढली, तिचा साधा अर्थ असा की सर्वांत मोठ्या दगडाच्या एक चतुर्थांश मापाखाली एकूण मालाचा निम्मा भाग असावा. ही रेषा पुढच्या सर्व कामाचा आधार झाली, परंतु अगदी तिच्यावर बेतलेले काँक्रीट साच्यात हलायला राठ जाते, कारण पोकळी अगदी कमी झाली की कणांना एकमेकांवरून सरकायला जागा राहत नाही. म्हणून आजचे मिश्रण तिच्यापेक्षा किंचित अधिक बारीक ठेवतात, आणि मानकाने रेषेऐवजी रुंद पट्टा दिला आहे. याचप्रमाणे मधली मापे मुद्दाम वगळूनही दाट आणि मजबूत काँक्रीट करता येते हेही खरे आहे. पण त्यासाठी मिश्रण कोरडे ठेवावे लागते, व्हायब्रेटर जोराचा लागतो आणि माल वाहून नेताना खडी व गारा वेगळे होण्याचा धोका सतत राहतो. घोडबंदर रस्त्यावरील बुरुजांसारख्या उंच इमारतींत, जेथे काँक्रीट पंपाने नळीतून वर चढते, तेथे तर मधली मापे आणि ३०० मायक्रॉनखालची बारीक रेती पुरेशी नसली की पाणी आणि लगदा पुढे निघून जातो, खडी मागे अडकते आणि नळी तुंबते.

पत्रलेखकांची दृष्टी जेथे जायला हवी होती आणि गेली नाही, अशा गोष्टी मला याहून महत्त्वाच्या वाटतात. पहिली गोष्ट ढिगाची. शीळ-डायघरकडच्या खाणींवरून आलेला डंपर माल एका ठिकाणी ओततो तेव्हा शंकूसारखा ढीग होतो आणि मोठे तुकडे उतारावरून घरंगळत कडेला जाऊन बसतात, बारीक मधे राहतात. कारखान्यात योग्य प्रमाणात मिसळून पाठवलेला माल असा ओतला की जागेवर पुन्हा वेगळा होतो. मजूर सकाळी कडेचा माल उचलतो आणि दुपारी मधला, आणि एकाच स्लॅबमध्ये दोन प्रकारचे काँक्रीट पडते. मापे वेगळ्या ढिगांत ठेवणे आणि प्रत्येक घाण्याला वजनाने घेणे हा यावरचा उपाय आहे. दुसरी गोष्ट चपट्या खडीची. फक्त जबड्याच्या यंत्रात फोडलेल्या दगडाचे अनेक तुकडे पापडासारखे निघतात. ते चाळणीतून बरोबर पार होतात, कोष्टकात कोणताच दोष दिसत नाही, पण त्यांच्याखाली पाणी साचून राहते आणि तेथे सिमेंट चिकटत नाही. चपट्या आणि लांबट तुकड्यांचे मिळून प्रमाण शेकडा चाळीसच्या वर जाऊ नये असे २०१६ चे मानक सांगते, आणि हा दाखला खाणीकडून मागून घ्यावा.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाची, आणि ती लहान जागांवर, जेथे अजून फरम्याने माप घेतात, तेथे फार घात करते. ओलसर रेती फुगते. प्रत्येक दाण्याभोवतीचे पाणी दाण्यांना एकमेकांपासून दूर धरते, आणि शेकडा पाच ओलाव्याला तिचे आकारमान पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. जून ते सप्टेंबर उघड्यावर पडलेल्या ढिगातून शंभर लिटरचा फरमा भरला तर त्यात प्रत्यक्ष ऐंशी लिटरच रेती असते. म्हणजे जे प्रमाण कागदावर उत्तम प्रतवारीचे होते तेच ओतताना रेतीला उणे होते. साचा काढल्यावर खांबाच्या तळाशी, किंवा तुळई आणि खांब मिळतात त्या सळयांच्या गर्दीत, मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या दिसतात. त्यात बोट घातले की खडीच्या कडा हाताला लागतात आणि मधे काहीच नसते. रेती फुगली आहे की नाही हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. २५० मिलिलिटरच्या काचेच्या मापात ओली रेती २०० च्या खुणेपर्यंत न दाबता भरावी, पाणी ओतून हलवावी आणि बसू द्यावी. ती १६० वर उतरली तर ती पंचवीस टक्के फुगलेली होती, आणि त्या दिवशी प्रत्येक घाण्याला सव्वापट माप द्यावे आणि रेतीत आधीच असलेले पाणी मिक्सरच्या पाण्यातून वजा करावे.

म्हणून त्या संस्थेच्या पुढील सभेत एकजात खडीचा ठराव येईल तेव्हा त्याऐवजी असा ठराव मांडला जावा की दर आठवड्याला आणि खाण बदलेल त्या प्रत्येक वेळी मेटल वन, मेटल टू आणि रेती या तिन्हींची चाळणी परीक्षा सभासदांच्या प्रतिनिधीसमक्ष घेतली जाईल, तिन्हींचे आकडे वर दाखवल्याप्रमाणे एकत्र करून मानकाच्या पट्ट्याशी ताडून पाहिले जातील, ७५ मायक्रॉनखालची पूड आणि चपट्या खडीचे प्रमाण नोंदवले जाईल, पावसाळ्यात रेतीचे फुगणे दररोज सकाळी पहिल्या घाण्याआधी मोजले जाईल, आणि या सर्व नोंदी जागेवरच्या वहीत अभियंत्याच्या सहीने राहतील. आणि एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला तर त्या दिवशीची ओतणी थांबवून दोन्ही मेटलांचे किंवा रेतीचे प्रमाण दुरुस्त केल्याशिवाय मिक्सर चालू होणार नाही.